जानेवारीतली खोटी घसरण

रब्बी २०२१-२२ मधल्या हरभऱ्याचा एनडीव्हीआय आलेख ज्यांनी जपून ठेवला असेल, त्यांनी तो एकदा पुन्हा उघडावा. डिसेंबरभर चढलेली रेषा जानेवारीच्या अखेरीस एकदम कोसळलेली दिसली, तर मर रोगाची शंका येणं साहजिक आहे. घाटे भरण्याचे ते दिवस. पण रोगाचा अहवाल लिहिण्याआधी रास्टर कॅल्क्युलेटरमधलं सूत्र तपासायला हवं.

सेंटिनेल-२ च्या एल-२ए चित्रांत परावर्तनाला १०,००० ने गुणून पूर्णांक साठवतात. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू केली आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवायला सुरुवात केली. कारण रास्त होतं : गडद पाण्यावर वा सावलीत दुरुस्तीनंतर मूल्य शून्याखाली गेलं, तरी ते टिकून राहावं. हा बदल नेमका रब्बी हंगामाच्या मध्यावर आला.

समजा, दाट पिकाचं लाल पट्ट्यातलं परावर्तन ०.०४ आणि निकट-अवरक्त पट्ट्यातलं ०.४० आहे. जुन्या चित्रात आकडे ४०० आणि ४०००, एनडीव्हीआय ०.८२. नव्या चित्रात तेच आकडे १४०० आणि ५००० होतात. वजाबाकी पूर्वीइतकीच, ३६००. बेरीज मात्र ४४०० ऐवजी ६४००. उत्तर येतं ०.५६. पिकाचं एक पानही पिवळं पडलेलं नसतं!

क्यूजीआयएसमध्ये नव्या चित्रांसाठी सूत्र असं हवं :

```
("B08@1" - "B04@1") / ("B08@1" + "B04@1" - 2000)
```

घसरण खरी की खोटी, हे शेजारच्या शिवारावरून कळतं. रोग एखाद्या शेतात किंवा पट्ट्यात दिसतो, ढगाची सावली ठिगळासारखी पडते. पण आकड्यांतला फरक आमराई, उभा ऊस, नांगरलेलं रान या सगळ्यांना एकाच दिवशी खाली ओढतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच बारमाही हिरवळीचे दोन-तीन ठिपके निवडून त्यांची रेषा पिकाच्या रेषेशेजारी काढत राहावी. हे काम फार थोडे जण करतात, याची खंत वाटते.

चित्राच्या तारखेवर मात्र विसंबू नये. जुनी चित्रंही नंतर नव्या आवृत्तीने पुन्हा तयार झाली आहेत, त्यामुळे एकाच दिवसाची दोन रूपं हाती येऊ शकतात. फाइलच्या नावात `N0400` किंवा त्यापुढचा आकडा आहे का, आणि `MTD_MSIL2A.xml` मध्ये `BOA_ADD_OFFSET` काय लिहिलंय, ते पाहावं. काही ठिकाणी चित्रं हे १००० आधीच वजा करून मिळतात. त्यांवर वरचं सूत्र चालवलं तर आपल्या उदाहरणातल्या पिकाचा एनडीव्हीआय १.५ येतो. पिकावर एकच्या वर गेलेला एक जरी ठिपका दिसला, की नकाशा बाजूला ठेवून मूळ फाइल उघडावी.