'Not registered on network' आणि 'Registration denied': दोष सिमचा, फोनचा की कंपनीचा?

समजा, अहमदपूरच्या एका विद्यार्थ्याने नांदेडच्या बाजारातून सहा हजारांना वापरलेला स्मार्टफोन घेतला. बिल मिळालं नाही. घरी येऊन सिम टाकलं, तर वर रेंजच्या जागी फक्त 'Emergency calls only'. कॉल लावला की 'Not registered on network'. इकडे शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा ओटीपी याच नंबरवर येणार आहे. दुकानदार फोनवर सांगतो, "रिसेट मारा, होऊन जाईल."

होईल का? ते या मेसेजमागे नेमकं काय आहे यावर ठरतं.

या दोन मेसेजचा अर्थ काय?

फोन सुरू झाला की तो आधी टॉवर शोधतो. टॉवर सापडला की तो सिमची ओळख सांगून कंपनीकडे नोंदणी मागतो. कंपनीची यंत्रणा सिम तपासते आणि गरज पडल्यास हँडसेटचा आयएमईआय नंबरही विचारते. सगळं जुळलं तर नोंदणी होते आणि मगच कॉल, एसएमएस, इंटरनेट चालतं.

'Not registered on network' म्हणजे ही नोंदणी पूर्ण झालेली नाही, एवढंच. टॉवर सापडला नसेल, सेटिंग चुकलं असेल किंवा कंपनीने नकार दिला असेल. कारण हा मेसेज सांगत नाही.

'Registration denied' मात्र स्पष्ट आहे. टॉवर सापडला, विचारणा झाली आणि समोरून 'नाही' असं उत्तर आलं. हा मेसेज जास्त करून डोंगल, सिमवर चालणारे राउटर यांच्यावर दिसतो. अँड्रॉइड फोनवर हाच नकार वेगळ्या शब्दांत येऊ शकतो. 'SIM not provisioned MM#2' म्हणजे कंपनीच्या नोंदीत हे सिम सापडत नाही. 'SIM not allowed MM#3' म्हणजे सिमला परवानगी नाही. 'Phone not allowed MM#6' म्हणजे आक्षेप सिमवर नाही, फोनवर आहे.

नकाराची एक खोच लक्षात ठेवा. अशा पक्क्या नकारानंतर फोन ते सिम बाद धरतो आणि बंद करून सुरू करेपर्यंत किंवा सिम काढून घालेपर्यंत पुन्हा विचारतही नाही. म्हणून कंपनीने चूक दुरुस्त केल्यावर एकदा रिस्टार्ट लागतोच. पण कारण तेच असेल तर दहा वेळा रिस्टार्ट करूनही उत्तर बदलत नाही.

कोणते उपाय, कोणत्या क्रमाने?

१. शेजारी विचारा. त्याच कंपनीचं सिम घरात दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये चालतंय का? सगळ्यांचंच बंद असेल तर अडचण टॉवरची आहे. फोनला हात लावू नका, थांबा.

२. एअरप्लेन मोड, मग एक रिस्टार्ट. अर्धा मिनिट एअरप्लेन मोड चालू ठेवून बंद करा. नाही जमलं तर फोन बंद करा, सिम काढून कोरड्या कापडाने पुसा, नीट बसवा आणि सुरू करा.

३. दोन सेटिंग बघा. मोबाईल नेटवर्कमध्ये कंपनीची निवड 'ऑटोमॅटिक' हवी. नेटवर्क मोड फक्त २जी किंवा ३जीवर अडकलेला नसावा. जिओकडे २जी आणि ३जी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओचं सिम २जीवर ठेवलेल्या फोनमध्ये नोंदणी करूच शकत नाही. शेतातल्या मोटारीच्या जुन्या २जी मोबाईल स्टार्टरमध्ये जिओचं सिम चालत नाही, त्याचंही कारण हेच.

४. सिमची अदलाबदल. निकाल लावणारी पायरी हीच. तुमचं सिम दुसऱ्या चालू फोनमध्ये टाका आणि त्यातलं सिम तुमच्या फोनमध्ये. तुमचं सिम तिकडेही चाललं नाही तर दोष सिमचा किंवा कंपनीकडच्या नोंदीचा. तुमचं सिम तिकडे चाललं आणि तिकडचं तुमच्याकडे अडलं, तर दोष फोनचा.

दोष सिमचा निघाला तर

कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा आणि आधी विचारा, नंबर चालू आहे का? सलग ९० दिवस काहीच वापर नसेल आणि खात्यात २० रुपयेही नसतील, तर कंपनी नंबर बंद करू शकते. नंबर चालू असेल तर सिम बदलून मिळतं. मात्र नवं सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर असेल तर हे आधीच धरून चाला.

चांगलं चालणारं सिम अचानक मेलं आणि शेजारच्यांचं सुरू असेल, तर एक शक्यता लगेच तपासा: तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणी बदली सिम काढलंय का? तसं असेल तर तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातील. कंपनीने बदली सिम दिल्याचं सांगितलं आणि तुम्ही ते मागितलं नसेल, तर दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर 1930 वर तक्रार करा.

दोष फोनचा निघाला तर

फक्त नेटवर्क सेटिंग रिसेट करून पाहा. त्यात वायफायचे पासवर्ड जातात, फोटो जात नाहीत. तरीही अडलं तर आयएमईआय तपासा. `*#06#` दाबलं की १५ आकडी नंबर दिसतो. मग चालू असलेल्या दुसऱ्या फोनवरून 14422 वर असा एसएमएस करा:

```
KYM <15 आकडी IMEI>
```

चोरीचे आणि हरवलेले फोन बंद पाडणारी सीईआयआर ही केंद्राची यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रापासूनच सुरू झाली. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलसोबत ती देशभर खुली झाली. मूळ मालकाने पोलिसात तक्रार देऊन आयएमईआय ब्लॉक केला की तो फोन कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, सिम कुणाचंही असो.

अहमदपूरच्या त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याचं सिम बहिणीच्या फोनमध्ये लगेच चाललं. बहिणीचं सिम त्याच्या फोनमध्ये अडलं. एसएमएसच्या उत्तरात आयएमईआय 'ब्लॅकलिस्टेड' आला. म्हणजे रिसेटने काहीच होणार नाही. फॅक्टरी रिसेट केला तर फोनमधला डेटा जाईल, ब्लॉक तसाच राहील. ब्लॉक काढण्याची विनंती फक्त ज्याने तो लावला तोच करू शकतो.

आता दुकानदार म्हणेल, "आयएमईआय बदलून देतो." इथे थांबा. दूरसंचार कायदा २०२३ नुसार अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याने दुकानदाराकडे पैसे परत मागावेत आणि फोन पोलीस ठाण्यात दाखवावा, कारण तो कुणाच्या तरी तक्रारीतला फोन आहे. ओटीपीसाठी सिम तोवर बहिणीच्या फोनमध्ये ठेवावं.

आणि पुढचा जुना फोन घेताना हा एसएमएस पैसे देण्याआधी, दुकानातच उभं राहून करावा. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' आलं तर तो फोन घेऊ नये.