नानांचा डावा डोळा

धुळ्याच्या मामूंकडून नाना-नानींचा जुना फोटो आम्ही जळगावला आणला. घडीवर फाटून नानांच्या डाव्या डोळ्याचा तुकडा हरवला होता. चिकटपट्टी लावायचा मोह आम्ही आवरला; तिचा गोंद पुढे पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. उरलेले भाग सपाट जुळवून ६०० डीपीआयवर स्कॅन केले.

स्टुडिओतल्या मुलाने आधी उजवाच डोळा उलटवून डावीकडे बसवला. चेहरा नीटनेटका दिसला, पण अम्मी म्हणाल्या, "हे अब्बा नाहीत." चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. शिवाय फोटोत उजेड एका बाजूने होता; उलटवलेल्या डोळ्याची सावली भलतीकडे पडली.

मग नानांचा हजच्या पासपोर्टवरचा फोटो सापडला. चेहऱ्याचा कोन जवळपास तोच. त्यातला डावा डोळा उजव्याच्या मापाने लहान केला, त्याखालची सावली गडद केली आणि शेवटी जुन्या फोटोसारखे बारीक दाणे घातले. दाणे नसले की तेवढीच जागा गुळगुळीत दिसते आणि ठिगळ ओळखू येते. मागच्या पडद्याच्या चुण्या तीन-चार ठिकाणांहून घेतल्या, म्हणजे एकच चुणी पुन्हा पुन्हा उमटत नाही.

कानाच्या पाळीवर पासपोर्टचा शिक्का होता. ती मनाने काढली नाही, सावलीतच ठेवली. नव्या प्रतीमागे पेन्सिलीने लिहिले: "डावा डोळा पासपोर्टवरून." अम्मींनी फोटो हातात घेतला आणि या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत, तो उशाशी ठेवला.