मुक्त विद्यापीठाचा फॉर्म कोण भरतंय?

मंडळी, जुलै-ऑगस्ट आला की जळगाव-धुळ्याच्या बसस्टँडबाहेर फ्लेक्स लागतात. "घरबसल्या पदवी, तीन वर्षांचं पॅकेज, हप्त्याची सोय." आत टेबलावर एक कॉम्प्युटर, समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आपलीच पोरं आणि लेकीसुना. मार्कशीटची झेरॉक्स आणि आधार कार्ड पुढे सरकवायचं, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा आणि पैसे देऊन घरी यायचं. तीन वर्षांचा निर्णय दहा मिनिटांत दुसऱ्याच माणसाने घेतलेला असतो.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते शेतावर, दुकानात, चुलीपुढे अडकलेल्या माणसासाठी. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीद. त्या गंगेच्या काठावर आज दलाल बसलाय आणि त्याला तिथून उठवायची घाई कोणालाच नाही, हे माझं स्पष्ट म्हणणं आहे. फॉर्ममधल्या तीनच गोष्टी घ्या, म्हणजे नुकसान कुठे होतं ते कळेल.

पहिली गोष्ट, आधीचं शिक्षण. उदाहरण म्हणून समजा, एका ताईचं माहेर चोपडा आणि सासर साक्री. बारावीला मार्चमध्ये इंग्रजी राहिलं, ते ऑक्टोबर २०११ ला निघालं. तिच्याकडे दोन मार्कशीट आहेत. कॅफेवाल्याच्या हाताला पहिली लागते, तो मार्च २०११ आणि मार्चचाच बैठक क्रमांक टाकून मोकळा होतो. म्हणजे नापास झालेल्या परीक्षेचा क्रमांक "पास" म्हणून गेला. मंडळाच्या रकान्यात तो "पुणे" निवडतो, कारण कागदावर राज्य मंडळ पुणे असं छापलेलं असतं. आपलं विभागीय मंडळ मात्र नाशिक. नाशिक, जळगाव, धुळे, नंदुरबार हे चारही जिल्हे त्यातच येतात. नियम साधा आहे : ज्या परीक्षेत तुम्ही उत्तीर्ण झालात तिचाच महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक, प्रमाणपत्र समोर ठेवून, अक्षर न् अक्षर बघून भरायचा.

त्यात आता नावाची भानगड. दूरशिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर यूजीसीचा डेब आयडी लागतो (deb.ugc.ac.in) आणि त्याच्या आधी एबीसी आयडी. एबीसी आयडी आधारवरून निघतो. ताईच्या आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं. दोन कागदांवर दोन बाया! कॅफेवाला त्यातलं जे सोपं पडेल ते टाईप करतो. हे आज कोणाला खुपत नाही. पात्रतेची तपासणी होते, निकाल अडकतो किंवा पुढे नोकरीसाठी कागद तपासले जातात, तेव्हा खुपतं. ताईने फॉर्म भरण्याआधीच विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद काढून ठेवावी आणि पदवीवर कोणतं नाव येणार ते अभ्यासकेंद्रावर विचारून घ्यावं. हे तिला त्या टेबलावर कोणी सांगत नाही.

बारावी नापास पोराला "पास टाकून देतो, कोण बघतं" असं सांगणारे महाभागही आहेत. भो, बघतात! आणि बघतात तेव्हा टाईप करणारा नाही, सही करणारा अडकतो. फॉर्मखालचं प्रतिज्ञापत्र तुमच्या नावाचं असतं.

दुसरी गोष्ट, अभ्यासकेंद्र. लोक गावाचं नाव बघून केंद्र निवडतात, किंवा दलालाची जिथे ओळख असते ते केंद्र तो निवडून देतो. अभ्यासकेंद्र म्हणजे फक्त पत्ता नव्हे. पुस्तकं, संपर्कसत्रं, गृहपाठ जमा करणं, कागदांची तपासणी, सगळं तिथूनच चालतं. मध्येच केंद्र बदलायचं म्हटलं की अर्ज आणि हेलपाटे. म्हणून आधी बघायचं की आपला विषय त्या केंद्रावर खरोखर चालतो का, आणि तिथे फोन उचलायला माणूस आहे का. एक चक्कर मारा. रविवारी कुलूप दिसलं तर संपर्कसत्राची काय अवस्था असेल ते समजून घ्या.

आपल्याकडची अर्धी तरणी पोरं सुरतेला. शिरपूर तालुक्यातला पोरगा सुरतेच्या कारखान्यात असेल, तर घराजवळचं केंद्र त्याला सोयीचं वाटतं. पण शिरपूरला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ लाईनवर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही गावं आहेत. त्याचा विषय चालणारं केंद्र यांपैकी एखाद्या ठिकाणी मिळालं, तर सुट्टीच्या दिवशी गाडीतून उतरून गृहपाठ देऊन तो परत जाऊ शकतो. आपण राहतो कुठे आणि येणार कसे, यावर केंद्र ठरतं. हा हिशेब दलाल करणार नाही, त्याला पोराच्या गाडीचं टाईमटेबल कशाला माहीत असेल?

तिसरी गोष्ट पैशाची, आणि खरी मेख इथेच आहे. विद्यापीठाची फी वर्षावर्षाची असते. तीन वर्षांचं "पॅकेज" नावाचं काही विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत नसतं. ते दलालाचं. दूरशिक्षणात फ्रँचायजी चालवायला यूजीसीची बंदी आहे, तरी फ्लेक्स लागतात. हप्त्याचं म्हणाल तर एकच ओळखायचं : पोर्टलवर तुमच्या अर्जापुढे हप्ता दिसला आणि त्याची पावती विद्यापीठाच्या नावाने निघाली, तर तो हप्ता. कॅफेवाल्याच्या वहीत लिहिलं तर ती उधारी, आणि उधारीच्या बदल्यात तुमचा पासवर्ड आणि मूळ मार्कशीट त्याच्या ड्रॉवरमध्ये. पैसे खात्यातून गेले आणि अर्जावर "फी बाकी" दिसत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपा, बँकेत आणि केंद्रावर विचारा, मगच पुढचं.

काही जण म्हणतील, लोकांनी स्वतः वाचायला नको का? नको कसं, वाचायलाच हवं. पण माणूस दलालाकडे आळसाने जात नाही, उधारीसाठी जातो. प्रवेशाची मुदत कधी येते ते बघा. कपाशी जूनमध्ये लागते. बियाणं, खत, निंदणी यांत घरातला पैसा संपलेला असतो. तो परत हातात येतो दिवाळीच्या आगेमागे, कापूस वेचून विकल्यावर. नेमक्या रिकाम्या खिशाच्या महिन्यात वर्षाची फी मागायची आणि मुदत गेली की विलंब शुल्क लावायचं. दलाल ही फट बघतो आणि आत शिरतो. नुसत्या सूचना आणि इशारे छापून ती फट बुजणार नाही.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. एक, वर्षाच्या फीचे दोन अधिकृत हप्ते करा, पहिला प्रवेशाच्या वेळी आणि दुसरा डिसेंबरात, दोन्ही थेट विद्यापीठाच्या खात्यात. दोन, प्रवेशाच्या काळात प्रत्येक अभ्यासकेंद्रावर एक मदत टेबल लावा. तिथे मूळ कागद बघून फॉर्म फुकट तपासून मिळावा, आणि त्या वर्षाची फी दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेली असावी. कॉलेजच्या प्राचार्यांना हे दोन कारकून आणि एका फळ्यात जमतं.

जळगाव-धुळ्याचे आमदार विद्यापीठाच्या कार्यक्रमांना हार घालायला जातात. पुढच्या वेळी हार घालताना हा प्रश्नही विचारा, साहेब.

आणि ज्यांचा फॉर्म यंदा भरला गेलाय, त्यांनी आज रात्री एवढं करा : भरलेल्या अर्जाची प्रत उघडा, शेजारी उत्तीर्ण प्रमाणपत्र ठेवा, आणि नाव, महिना, वर्ष, मंडळ, बैठक क्रमांक बोट ठेवून जुळवा. प्रत तुमच्याकडे नसेल तर पहिलं काम ती आणायचं. आणि पासवर्ड बदला.