नंबर आपणच शोधला होता

आमच्या शाळेत वर्षातून एकदा सायबर सुरक्षेवर व्याख्यान होतं. पाहुणे दरवर्षी तेच सांगतात: अनोळखी फोन घेऊ नका, ओटीपी सांगू नका. मुलं माना डोलावतात, आम्ही शिक्षकही डोलावतो. माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, हे दोन्ही नियम पाळले होते. तिला कुणाचाही फोन आला नव्हता. फोन तिनेच केला होता. ओटीपी कुणी विचारला नाही आणि तिने सांगितलाही नाही. तरीही तिच्या खात्यातून चोवीस हजार आठशे सतरा रुपये गेले.

झालं असं. आपाने १,२९९ रुपयांचा मिक्सर ऑनलाइन मागवला होता, पैसे घरी डिलिव्हरी बॉयच्या हातात दिले होते. भांड्याला तडा होता म्हणून परत पाठवला. माल गेला, सहा दिवस झाले, पैशांचा पत्ता नाही. अॅपमध्ये ‘मदत’ दाबलं की तयार प्रश्नांची यादी येत होती, तिचा प्रश्न त्यात नव्हता. बोलायला माणूस कुठेच नाही. मग तिने आपण सगळेच करतो तेच केलं. कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं सर्चमध्ये लिहिलं. वरच एक नंबर दिसला, तो लावला.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सर्चमध्ये वर येणारा नंबर खरा आहे का, हे कुणी तपासून वर ठेवलेलं नसतं. आपण लिहिलेले शब्द ज्या पानावर जुळतात ते पान वर येतं, एवढंच. ठगांना हे चांगलं ठाऊक असतं. ते नकाशावर ‘ग्राहक सेवा केंद्र’ नावाचं खोटं ठिकाण टाकतात, प्रश्नोत्तरांच्या साइटवर स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देतात, पैसे भरून जाहिरात लावतात, नाहीतर कुठल्या तरी संस्थेच्या साइटवर पीडीएफ चढवून ठेवतात.

आपाचा नंबर मी नंतर नुसता, दुसरा एकही शब्द न लिहिता, सर्चमध्ये टाकला. तोच नंबर एका कुरिअरचा होता, एका बँकेचा होता, फ्रिज दुरुस्तीचाही होता आणि एका कॉलेजच्या साइटवरच्या पीडीएफमध्येही होता. तिथे आकड्यांच्या मधे तिरप्या रेघा आणि कंस घातलेले. यंत्राने पकडू नये आणि माणसाने वाचावा, अशी ती सोय. माझ्या मते नंबर ओळखण्याची सगळ्यात सोपी कसोटी हीच: लावण्याआधी नंबरच शोधा. एका नंबरावर चार कंपन्या निघाल्या, तर त्यातली एकही खरी नाही. मात्र ही कसोटी उलटी चालत नाही. नवा नंबर असेल तर काहीच सापडणार नाही, पण म्हणून तो खरा ठरत नाही.

आता फोनवर काय झालं ते. साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता. पहिल्याच रिंगला माणूस बोलला. ‘हिंदीसाठी एक दाबा’ नाही, गाणं नाही, वाट पाहणं नाही. “भाई, मेरेकू तो अच्छाच लगा, फौरन उठाया करके,” आपा म्हणाली. खरी कंपनी इतक्या लवकर फोन उचलत नाही, ही आपल्या देशातली वाईट गोष्ट आहे, पण ओळख म्हणून उपयोगी आहे.

त्याने विचारलं, “मॅडम, ऑर्डर कोणती होती?” तिने सगळं सांगितलं. खऱ्या कंपनीकडे नोंदवलेल्या नंबरावरून फोन केला की ऑर्डर बहुधा त्यांच्यासमोर उघडते. हा मात्र सगळी माहिती आपाकडून घेत होता आणि थोड्या वेळाने तीच तिला ऐकवत होता. तिला वाटलं, याला सगळं माहीत आहे.

मग तो म्हणाला, “कॅशवाल्या ऑर्डरचा रिफंड यूपीआयने घ्यावा लागतो.” हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरले असतील तर रिफंड बहुधा आला त्याच वाटेने परत जातो. रोख दिले असतील तर खातं किंवा यूपीआय आयडी कळवावा लागतो, पण तो आपण अॅपमध्ये त्या ऑर्डरखाली भरायचा असतो, आणि काम तिथेच संपतं. त्याने आपाला पेमेंटचं अॅप उघडायला लावलं, ‘रिफंड’ शब्द असलेला एक आयडी टाकायला लावला आणि म्हणाला, “आता रिफंड कोड लिहा, २४८१७.” तो कोड ज्या चौकटीत लिहायला लावला, ती रकमेची चौकट होती. मग पिन.

यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे आपाला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात ती रक्कम नव्हतीच, तो कोड होता. काहींना याच टप्प्यावर फोनची स्क्रीन दाखवणारं अॅप घ्यायला लावतात, किंवा व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवतात. ती बसवून परवानग्या दिल्या की बँकेचे मेसेज परस्पर ठगाकडे जातात. ओटीपी विचारायची त्याला गरजच उरत नाही.

पैसे कटल्याचा मेसेज आला तेव्हा तो म्हणाला, “चुकून झालं, पुन्हा तेच करा, उलटे येतील.” तिथे तिने फोन ठेवला. मला मात्र चाळीस मिनिटांनी सांगितलं. मधली चाळीस मिनिटं ती स्वयंपाकघरात बसून होती. जावई काय म्हणेल, एवढाच विचार करत.

आम्ही १९३० ला फोन लावला. त्यांनी रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला, म्हणून तो समोर काढून ठेवावा. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवली. समोरच्या खात्यात तोवर अकरा हजार उरले होते, ते गोठवले गेले. बाकीचे पुढे निघून गेले होते. ही चाळीस मिनिटं लाजेची होती, आणि तिची किंमत मी तेव्हा मोजली. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, जबाबदारी तुमची. एका टेबलावर तिला विचारलं गेलं, “टाकलाच कसा?” असं विचारणाऱ्यांमुळेच पुढची बाई चाळीस मिनिटांऐवजी चार दिवस गप्प बसते.

माझा राग ठगावर आहेच, पण कंपनीवरही आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कस्टमर केअर आणि तक्रार निवारण अधिकारी यांचे संपर्क तपशील ठळकपणे, सहज सापडतील असे देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत, निवारण महिन्याभरात. मी त्या अॅपमध्ये ते शोधले. खाते, मग कायदेविषयक माहिती, मग लांबलचक अटी, आणि त्याच्या तळाशी ईमेल. माझी बीएड झालेली आहे, तरी मला अकरा मिनिटं लागली. ठगाचा नंबर आपाला एका ओळीत मिळाला होता. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, हे तिला मी सांगितलं. तो नंबर तिने फ्रिजवर चिकटवला आहे, उर्दू आकड्यांत.

मिक्सरचे १,२९९ रुपये दहाव्या दिवशी आपोआप आले.