उलटा फिरणारा पंखा

माझा भाचा नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याला टेबल फॅनचा कोनीय वेग मोबाईलने मोजायचा होता. व्हिडिओ पाहून तो म्हणाला, "मामा, पंखा जवळजवळ थांबलाय!" समोर तर पंखा भरधाव फिरत होता.

यात बिघाड काहीच नाही. मोबाईलचा नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेम टिपतो. पंखा सेकंदाला साधारण 20 फेरे घेत असेल, तर दोन फ्रेमच्या मधे तो 240 अंश फिरतो. तीन पाती 120 अंशांवर असतात, म्हणून प्रत्येक पाते बरोबर दुसऱ्या पात्याच्या जागी येते. सगळी पाती सारखीच, त्यामुळे कॅमेऱ्याला काही हललेलेच दिसत नाही.

म्हणून प्लग काढून, पंखा पूर्ण थांबल्यावर, एकाच पात्यावर पांढरी टेप चिकटवायची. पुढची जाळी पुन्हा बसवल्यावरच पंखा सुरू करायचा. आम्ही तसे केले, तरी 30 फ्रेमवर टेप उलटी फिरताना दिसली. 240 अंश पुढे आणि 120 अंश मागे, दोन्हींत टेप एकाच जागी पोहोचते. नजर जवळचा मार्ग धरते. त्यावरून गणित केले तर उत्तर येते सेकंदाला 10 फेरे, तेही उलट्या दिशेने.

नियम असा: दोन फ्रेमच्या मधे टेप अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमी सरकली पाहिजे. मग आम्ही 240 फ्रेमचा स्लो मोशन लावला आणि फ्रेम एकेक करून पुढे सरकवल्या. टेप पुन्हा त्याच जागी येईपर्यंत असे 10 फेरे मोजले. 120 फ्रेम लागल्या. 120 भागिले 240 म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात 10 फेरे, म्हणजे सेकंदाला 20. एक फेरा म्हणजे 2π रेडियन, म्हणून कोनीय वेग सेकंदाला सुमारे 126 रेडियन. एकच फेरा मोजला असता तर 12 फ्रेममध्ये एका फ्रेमची चूकही 8 टक्क्यांची झाली असती. 10 फेऱ्यांत ती 1 टक्क्याहून कमी राहते.

स्लो मोशनमध्ये एक गफलत हमखास होते. व्हिडिओ चालताना दिसणारे सेकंद खरे नसतात, कारण तो ताणून दाखवलेला असतो. भागायचे ते टिपण्याच्या वेगाने, म्हणजे 240 ने.

उत्तर बरोबर आहे हे कसे ओळखायचे? फ्रेमचा वेग बदलून पुन्हा मोजायचे. 60 फ्रेमवर टेप दर फ्रेमला 120 अंश सरकली, म्हणजे पुन्हा 20 फेरेच आले. पंख्याचा वेग कॅमेऱ्याप्रमाणे बदलत नाही. बदलणारे उत्तर कॅमेऱ्याचे असते. भाच्याने वहीत तिन्ही नोंदी लिहिल्या, उलट फिरणारीसुद्धा, आणि तिच्यापुढे कारण लिहिले.