सप्लायरने दिलेला एचएस कोड तसाच वापरताय? ऑर्डरआधी हे तपासा

समजा, दिंडोरीतील एका वायनरीला इटलीहून द्राक्षांचा प्रेस, वाइन फिल्टर आणि बाटल्या भरण्याचे यंत्र मागवायचे आहे. सप्लायरने प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर तिन्हींसमोर एकच कोड लिहिला आहे: 8435 10. पण हा कोड फक्त प्रेसचा आहे. वाइन गाळणारा फिल्टर 8421 22 मध्ये, तर बाटल्या भरून बंद करणारे यंत्र 8422 30 मध्ये येते.

सप्लायरला काय विचाराल?

कोडचे पहिले सहा अंक जगातील बहुतेक देशांत सारखेच असतात. भारतात पुढे दोन अंक जोडून आठ अंकी कोड होतो. त्यामुळे सप्लायरशी सहा अंक जुळवायचे आणि उरलेले दोन अंक व दर भारतीय टॅरिफमधून घ्यायचे. नुसता कोड मागू नका. प्रत्येक यंत्राचा कॅटलॉग, ते नेमके काय काम करते आणि सुटे भाग वेगळे येणार का, हेही लेखी घ्या. इन्व्हॉइसवर ‘वायनरी इक्विपमेंट’ अशी एकच ओळ नको. प्रत्येक वस्तूची ओळ, किंमत आणि कोड स्वतंत्र हवा.

फरक किती पडतो?

मालाचे मूल्य भाडे आणि विम्यासह 10 लाख रुपये धरू. पुढील दर केवळ उदाहरणासाठी आहेत. मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के असेल तर 75,000 रुपये. त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 7,500. या सर्वांच्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी 1,94,850. एकूण 2,77,350 रुपये. मूळ शुल्क 10 टक्के निघाले, तर हाच आकडा 3,09,800 होतो.

बहुतेक कारखान्यांना आयजीएसटीचे क्रेडिट मिळते. पण पिण्याचे मद्य जीएसटीबाहेर आहे. म्हणून वाइन बनवण्यासाठी घेतलेल्या यंत्रावरचा हा कर वायनरीच्या खर्चातच जातो.

दर कोणत्या दिवसाचा?

ऑर्डर दिल्याच्या दिवसाचा नाही. देशात वापरासाठी थेट सोडवल्या जाणाऱ्या मालाला बिल ऑफ एंट्री दाखल झाल्याच्या दिवसाचा दर लागतो. बिल आधीच भरले असेल, तर जहाजाला एंट्री इनवर्ड मिळाल्याच्या दिवसाचा. जानेवारीत निघालेला माल अर्थसंकल्पानंतर पोहोचला, तर दर बदललेला असू शकतो. म्हणून ऑर्डरच्या वेळी आणि बिल भरण्याआधी, असे दोनदा ICEGATE वर दर पाहा.

चूक झाली तर?

शुल्काचे स्वयंमूल्यांकन आयातदारच करतो. ‘सप्लायरने दिला’ हे उत्तर कस्टम्समध्ये चालत नाही. शुल्क कमी भरले गेले, तर साधारणपणे दोन वर्षांच्या आत नोटीस येऊ शकते आणि फरकावर व्याजही लागते. माहिती लपवल्याचे आढळल्यास ही मुदत पाच वर्षांची होते.

कोडबाबत खरीच शंका असेल आणि रक्कम मोठी असेल, तर माल निघण्याआधी मुंबईतील कस्टम्सच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तोवर ऑर्डर पक्की न करणेच शहाणपणाचे.