गड्ड्यानंतर घेतलेली ब्राह्मी बारावीच्या पेपरला उपयोगी पडते का?

जानेवारीत सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा होते, होम मैदानावरचा गड्डा भरतो आणि तो उठायच्या आत घराघरात बारावीच्या उजळणीची घाई सुरू होते. याच दिवसांत मोबाइलवर 'बुद्धिवर्धक' सिरप, ब्राह्मीच्या गोळ्या आणि गिंकोच्या कॅप्सूलच्या जाहिराती वाढतात. पालक बाटली आणतात, मुलं दोन चमचे घेतात आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पेपर येतो. म्हणजे औषधाला मिळतात जेमतेम चार आठवडे.

या वनस्पतींवर झालेलं संशोधन मात्र चार आठवड्यांचं नाही. ते काय सांगतं आणि कोणत्या मुलांनी या बाटलीपासून दूरच राहायला हवं?

ब्राह्मीवर खरंच संशोधन झालंय का?

हो, झालंय. स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या वनस्पतींमध्ये माणसांवर बऱ्यापैकी अभ्यास झालेली ही वनस्पती आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्यातल्या 'बॅकोसाइड' या घटकांवर दीर्घकाळ काम झालं. पुढे ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांवर चाचण्या झाल्या. त्यात काहींना ब्राह्मीचा अर्क दिला गेला आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी.

2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्या एकत्र वाचल्या, तर सोलापूरच्या पालकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. एका चाचणीत 38 निरोगी लोकांना 300 मिलिग्रॅम अर्क एकदाच दिला आणि दोन तासांनी तपासलं. काहीच फरक दिसला नाही. दुसरीत 46 लोकांना तोच डोस रोज, असा 12 आठवडे दिला. त्यात शिकण्याचा वेग आणि लक्षात ठेवणं यांत सुधारणा दिसली आणि ती 12 आठवड्यांच्या शेवटी सर्वाधिक होती. त्यामुळे 'पेपरच्या दिवशी सकाळी एक गोळी' या सल्ल्याला आधार नाही.

2012 मध्ये अशा सहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. सगळ्या चाचण्या 12 आठवड्यांच्या होत्या आणि डोस 300 ते 450 मिलिग्रॅम अर्काचा. 'काहीही इशारा न देता आठवून सांगा' या प्रकारच्या 17 कसोट्यांपैकी 9 मध्ये ब्राह्मी घेणारे पुढे होते. बुद्धीच्या इतर कामांत फायद्याचा फारसा पुरावा सापडला नाही.

या कसोटीत माणसाला शब्दांची यादी ऐकवतात आणि थोड्या वेळाने आठवतील तेवढे शब्द सांगायला लावतात. भौतिकशास्त्राचं गणित सोडवणं किंवा मराठीच्या पेपरात निबंध लिहिणं हे वेगळं काम आहे. ब्राह्मी घेतल्याने परीक्षेत गुण वाढतात का, हे या चाचण्यांनी मोजलंच नाही. जाहिरातीतला '95 टक्के' हा आकडा या संशोधनातून आलेला नाही.

विद्यार्थ्यांवर अभ्यास झालाय का?

2016 मध्ये 60 वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा एक भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना दिवसातून दोनदा 150 मिलिग्रॅम अर्क सहा आठवडे दिला आणि काही कसोट्यांत सुधारणा आढळली. ब्राह्मीची बाजू घेणारे या अभ्यासाचा दाखला देतात. पण हे विद्यार्थी दहावीची मुलं नव्हते, संख्या लहान होती, आणि इथेही मोजल्या त्या कसोट्या, विद्यापीठाचे गुण नव्हेत.

बाटलीत तेवढी ब्राह्मी असते का?

चाचण्यांत वापरला तो साधा पाला नव्हता, तर घट्ट केलेला अर्क होता. ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांतला अर्क साधारण 20 पट घट्ट होता. म्हणजे 300 मिलिग्रॅम अर्क हा सुमारे 6 ग्रॅम सुक्या वनस्पतीइतका.

आता समजा, नवी पेठेतल्या मेडिकलमधून आणलेल्या एका सिरपच्या लेबलवर 'प्रत्येक 10 मिलीमध्ये ब्राह्मी चूर्ण 250 मिलिग्रॅम' असं लिहिलंय आणि दिवसातून दोनदा 10 मिली घ्यायला सांगितलंय. दिवसाला ब्राह्मी झाली 500 मिलिग्रॅम, म्हणजे चाचणीतल्या 6 ग्रॅमच्या बाराव्या भागाइतकी. अशा सिरपच्या जाहिरातीत 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' असं लिहिलं असेल, तर सिद्ध झालेला डोस वेगळा आणि बाटलीतला वेगळा. यावर उपाय म्हणून बारापट सिरप प्यायचं नाही. सिरपमध्ये इतर वनस्पती आणि भरपूर साखरही असते.

लेबलवर 'चूर्ण' लिहिलंय, 'क्वाथ' म्हणजे काढा लिहिलाय की 'घन' किंवा 'अर्क', हे म्हणून आधी पाहावं. अर्क असेल तर बॅकोसाइडचं प्रमाण किती टक्के आहे तेही पाहावं. प्रमाणच दिलं नसेल, तर त्या उत्पादनाची चाचण्यांशी तुलना करता येत नाही.

नावाचाही गोंधळ आहे. चाचण्यांतली ब्राह्मी म्हणजे बकोपा, ओलसर जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची वनस्पती. तिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मीही म्हणतात. महाराष्ट्रात मात्र मंडूकपर्णीलाही सर्रास ब्राह्मी म्हणतात. तिचं पान गोलसर, पसरट असतं. आयुर्वेदात या दोन स्वतंत्र वनस्पती आहेत. कुंडीत 'ब्राह्मी' लावून तिची पानं मुलांना देणाऱ्या अनेक घरांत प्रत्यक्षात मंडूकपर्णी असते आणि बकोपावरचं संशोधन तिला लागू होत नाही.

आणि गिंको?

गिंको हे मूळचं चीनमधलं झाड. आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ते नाही. त्याच्या पानांचा अर्क 'मेंदूचा रक्तपुरवठा वाढवतो' असं सांगून विकला जातो.

अमेरिकेत 75 वर्षांवरच्या 3,069 लोकांना रोज दोनदा 120 मिलिग्रॅम गिंको किंवा खोटी गोळी देऊन सरासरी सहा वर्षं पाहिलं गेलं. 2008 मध्ये निकाल आला, तेव्हा स्मृतिभ्रंश रोखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. निरोगी माणसांवरच्या चाचण्यांचा 2012 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हाही स्मरणशक्ती किंवा एकाग्रतेवर गिंकोचा परिणाम आढळला नाही. निरोगी सतरा वर्षांच्या मुलाने ते घ्यावं याला आधार उरत नाही.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?'

ब्राह्मीचे नेहमी आढळणारे दुष्परिणाम पोटाचे आहेत: वारंवार शौचाला लागणं, पोटात मुरडा, मळमळ. एरवी ही किरकोळ तक्रार वाटेल. तीन तासांच्या पेपरात ती किरकोळ राहत नाही. नवं सिरप परीक्षेच्या आठवड्यात सुरू करणं म्हणूनच सगळ्यात वाईट. उंदरांवरच्या एका अभ्यासात ब्राह्मीने थायरॉइडच्या संप्रेरकाची पातळी वाढल्याचं दिसलं होतं. माणसात तसंच होईल असं त्यावरून म्हणता येत नाही, पण थायरॉइडची गोळी चालू असलेल्या मुलीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

गिंकोचा मुख्य धोका रक्तस्रावाचा आहे. रक्त पातळ करणारी औषधं, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांबरोबर तो वाढू शकतो. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी सांगायला हवं. फिट्सचा त्रास असणाऱ्यांनीही गिंको टाळावं.

सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी घटना महाराष्ट्रातलीच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांना अपस्माराचे दोन रुग्ण आढळले. फेनिटॉइन या औषधाने त्यांच्या फिट्स आटोक्यात होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या. दोघंही शंखपुष्पीचं सिरप घेत होते. मग उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर प्रयोग झाला. अनेक दिवस दोन्ही औषधं एकत्र दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन कमी झालं आणि त्याचा फिट्स रोखण्याचा परिणामही घटला. हा अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. सिरप अनेक वनस्पतींचं मिश्रण होतं, त्यामुळे दोष नेमका कोणत्या घटकाचा, हे त्यावरून ठरत नाही. पण पालकांनी काय करायचं ते यातून स्पष्ट होतं.

ज्या मुलाला फिट्स येतात, त्याच्या अभ्यासाची काळजी घरच्यांना जास्त असते आणि स्मरणशक्तीचं सिरप त्याच्यासाठी आणलं जाण्याची शक्यताही जास्त असते. वर परीक्षेचं जागरण आहेच, आणि झोप कमी झाली की फिट येण्याचा धोका वाढतो. फिट्सची गोळी चालू असलेल्या मुलाला असं कोणतंही सिरप डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. आधीपासून देत असाल, तर सिरपची बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जावं. फिट्सची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये किंवा तिचा डोस बदलू नये.

कायदा काय सांगतो?

औषध नियम, 1945 मध्ये 'जे' नावाची अनुसूची आहे. बरे करतो किंवा टाळतो असा दावा औषधाने करू नये, अशा गोष्टींची ती यादी आहे. त्यात 'मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणं' हे स्पष्ट लिहिलंय. मग बाजारात एवढी उत्पादनं कशी? काही उत्पादनं आयुर्वेदिक परवान्यावर येतात, काही अन्नपूरक म्हणून एफएसएसएआयच्या 14 अंकी क्रमांकावर. शब्दही जपून निवडलेले असतात: 'सहाय्यक', 'पोषक', 'एकाग्रतेसाठी'. अन्न परवान्याचा क्रमांक असणं म्हणजे स्मरणशक्ती वाढते हे सरकारने तपासलंय, असा अर्थ होत नाही.

मग पालकांनी काय करावं?

बारावीला चार आठवडे उरले असतील, तर नवी बाटली सुरू न करणं हाच पुराव्याला धरून असलेला निर्णय. मे महिन्यातल्या नीटसाठी कुणाला ब्राह्मी घेऊनच पाहायची असेल, तर 12 आठवड्यांचा हिशोब फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. तेव्हाही आधी सिव्हिलमधल्या डॉक्टरांना किंवा नोंदणीकृत वैद्यांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगाव्यात. फायदा झालाच, तर तो लहान असेल, हेही धरून चालावं.

सिरप किंवा कॅप्सूल घेतल्यावर जोराचे जुलाब, पुरळ, नाकातून रक्त किंवा फिट असं काही झालं, तर ते घेणं थांबवून डॉक्टरांकडे जावं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर करता येते. फोन करताना बाटली हाताशी ठेवावी, कारण बॅच क्रमांक तिच्यावर असतो.